उशीर झालेल्या ऑनलाइन ऑर्डरबद्दल तक्रारीचा ईमेल : परीक्षेत गुण नेमके कुठे जातात?

प्रश्न : मी मराठीच्या मध्यम स्तराच्या परीक्षेची तयारी करत आहे. लेखनाच्या प्रश्नात ऑनलाइन मागवलेली वस्तू वेळेवर न आल्याबद्दल कंपनीला १२० ते १५० शब्दांचा औपचारिक ईमेल लिहायचा असतो. काय मागवले, काय अडचण आली, तिचा काय परिणाम झाला आणि काय अपेक्षित आहे, असे चार मुद्दे दिलेले असतात. माझे व्याकरण बरे आहे, तरी १० पैकी ५ किंवा ६ गुणच मिळतात. माझी सुरुवात अशी असते : “मी खूप दिवसांपूर्वी तुमच्याकडून एक सॅक मागवली होती, पण अजून आली नाही. हे खूप चुकीचे आहे. मी खूप नाराज आहे. मला लवकरात लवकर सॅक पाठवा, नाहीतर मी तक्रार करीन.” यात काय चुकते?

उत्तर :

या वाक्यांत व्याकरणाची मोठी चूक एकही नाही. तरीही अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासणारा माणूस म्हणून सांगतो, मीसुद्धा या मजकुराला ५ किंवा ६ गुणच दिले असते. कारण असे, की हा ईमेल ज्याच्या हाती पडेल, त्याला तो वाचून काहीही करता येणार नाही. ग्राहक सेवा विभागात बसलेल्या माणसाने आपल्याला कधी पाहिलेले नसते आणि त्याच्यासमोर अशा शेकडो तक्रारी असतात. आपला ईमेल उघडल्यावर त्याला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात : ही ऑर्डर नेमकी कोणती, ठरलेल्या तारखेपेक्षा किती उशीर झाला आहे, आणि मी आता काय करावे अशी या ग्राहकाची अपेक्षा आहे. आपल्या मजकुरातून त्याला फक्त एवढेच कळते, की कोणीतरी नाराज आहे. परीक्षकही तपासताना त्या माणसाच्या जागी बसूनच वाचत असतो. चारही मुद्द्यांना स्पर्श झाला आहे का, एवढेच तो पाहत नाही. त्या मुद्द्यांत काही माहिती आहे का, हेही पाहतो.

आपल्या चार वाक्यांत ‘खूप’ हा शब्द तीनदा आला आहे, तिकडे आधी लक्ष द्यावे. हा शब्द जिथे जिथे येतो, तिथे बहुधा एक तारीख किंवा एक वस्तुस्थिती लिहायची राहून गेलेली असते. ‘खूप दिवसांपूर्वी’ म्हणजे ३ मार्चला. ‘खूप चुकीचे’ म्हणजे १० मार्चचे आश्वासन पाळले गेले नाही. ‘खूप नाराज’ म्हणजे २४ मार्चच्या प्रवासाची तयारी अडली आहे. उजवीकडची माहिती लिहिली, की डावीकडच्या शब्दांची गरजच उरत नाही, आणि तक्रार आवाज न चढवता अधिक ठाम होते.

प्रश्नपत्रिकेत या तारखा दिलेल्या नसतात, म्हणून पुष्कळ परीक्षार्थी त्या लिहीतच नाहीत. त्या आपण ठरवायच्या असतात आणि तशी मुभा असते. मात्र लिहिता लिहिता सुचतील तशा तारखा टाकल्या, तर हमखास गोंधळ होतो. वस्तू १० तारखेला यायची होती आणि पाठपुरावा ८ तारखेला केला, असे मी कितीतरी उत्तरांत वाचले आहे. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी कच्च्या जागेत तारखांची एक ओळ मांडावी, आणि ती शेवटाकडून मांडावी. वस्तू कशासाठी हवी आहे तो दिवस आधी ठरवावा. येथे तो २४ मार्च, प्रवासाचा. त्याच्या दोन-तीन दिवस आधीची तारीख ही आपली अंतिम मुदत, म्हणजे २१ मार्च. ईमेल लिहिण्याचा दिवस १७ मार्च. वस्तू मिळण्याची कबूल केलेली तारीख त्याच्या आठवडाभर आधी, १० मार्च. आणि ऑर्डर नोंदवल्याची तारीख त्याही आधी, ३ मार्च. मधली ११ मार्च ही फोन केल्याची तारीख, १२ मार्च ही संकेतस्थळावरच्या नोंदीची, आणि १९ मार्च ही उत्तर मिळण्याची मुदत. या कामाला तीन मिनिटे लागतात, आणि एवढे झाले की निम्मा ईमेल तयार झालेला असतो, कारण तक्रारीचा कणा म्हणजे घटनांचा क्रमच असतो.

आता याच तारखांवर उभा राहिलेला पूर्ण ईमेल देतो. संबोधनानंतर समारोपाच्या आधीपर्यंतचा मजकूर १३० शब्दांचा आहे.

प्रति : ग्राहक सेवा विभाग
विषय : ऑर्डर क्रमांक ४५८२१ : प्रवासी सॅक मिळण्यास झालेला विलंब

महोदय / महोदया,

मी ३ मार्च रोजी आपल्या संकेतस्थळावरून एक प्रवासी सॅक मागवली आणि तिची संपूर्ण रक्कम त्याच दिवशी ऑनलाइन भरली. ऑर्डर नोंदवल्याच्या ईमेलमध्ये सॅक १० मार्चपर्यंत घरपोच मिळेल असे नमूद केले होते. मात्र आज १७ मार्च असूनही ती मला अद्याप मिळालेली नाही.

११ मार्च रोजी मी आपल्या मदत क्रमांकावर संपर्क साधला, तेव्हा सॅक दोन दिवसांत मिळेल असे मला सांगण्यात आले. परंतु संकेतस्थळावर १२ मार्चपासून ‘पार्सल रवाना झाले’ एवढीच नोंद दिसत आहे.

मी २४ मार्चला प्रवासाला निघणार असून त्यासाठीच ही सॅक मागवली होती. ती वेळेत न मिळाल्यास मला दुसरी सॅक विकत घ्यावी लागेल.

तरी कृपया सॅक २१ मार्चपर्यंत घरपोच पाठवावी. ते शक्य नसल्यास ही ऑर्डर रद्द करून भरलेली संपूर्ण रक्कम मला परत करावी. यांपैकी कोणता निर्णय घेतला, हे १९ मार्चपर्यंत ईमेलने कळवावे, ही विनंती. सोबत ऑर्डरचा ईमेल आणि रक्कम भरल्याची पावती जोडली आहे.

आपला विश्वासू / आपली विश्वासू,
अ. ब. क.

विषयाच्या ओळीपासून पाहू. ‘तक्रार’ किंवा ‘तक्रारीबाबत’ एवढाच विषय लिहिणारे परीक्षार्थी पुष्कळ असतात. तो चूक नाही, पण रिकामा आहे, कारण त्या पत्त्यावर येणारा जवळजवळ प्रत्येक ईमेल तक्रारीचाच असतो. ऑर्डर क्रमांक विषयातच आणि तोही आधी लिहावा, म्हणजे ईमेलच्या यादीत विषयाची ओळ अर्धवट दिसली तरी क्रमांक दिसतो. क्रमांक विषयात आला, की मजकुरात तो पुन्हा लिहिला नाही तरी चालते. मात्र खात्याचा पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक ‘माहिती पूर्ण असावी’ म्हणून देऊ नये. खऱ्या व्यवहारात तो कोणालाही ईमेलने कळवायचा नसतो, आणि उत्तरात तो दिसला की लेखकाला या प्रकारच्या पत्रव्यवहाराची सवय नाही हे उघड होते.

पहिल्या परिच्छेदातील ‘अद्याप मिळालेली नाही’ ही रचना मुद्दाम निवडली आहे. ‘मिळाली नाही’ असे म्हटले, तर एक घडून गेलेली गोष्ट सांगितल्यासारखे वाटते. ‘अद्याप मिळालेली नाही’ म्हटले, की अडचण या क्षणीही चालू आहे हे त्या क्रियापदातूनच कळते. तसेच ‘आपण सॅक पाठवली नाही’ असे लिहिलेले नाही. ती नोंदीप्रमाणे खरोखर रवाना झाली की नाही, वाटेत अडकली की कुरिअरकडे पडून आहे, हे ग्राहकाला ठाऊक नसते. त्याला फक्त स्वतःच्या हाती ती आली नाही एवढेच ठाऊक असते. जेवढे निश्चित माहीत आहे तेवढेच लिहावे. याच कारणाने ‘फसवणूक’ हा शब्दही टाळावा. उशीर आणि फसवणूक हे दोन वेगळे आरोप आहेत, आणि प्रश्नात उशीर दिलेला असताना फसवणुकीबद्दल लिहिणे म्हणजे प्रश्नापासून दूर जाणे होय. वस्तू तुटलेली आली, वेगळीच आली, असे प्रसंग रंगवणारी उत्तरेही दिसतात. त्यांतील भाषा चांगली असली, तरी दिलेले काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

दुसरा परिच्छेद पुष्कळांच्या उत्तरांत नसतोच, आणि माझ्या मते गुणांचा सर्वात मोठा फरक तिथेच पडतो. आपण आधी काय केले आणि त्याला काय उत्तर मिळाले, हे सांगितल्याने तक्रार एका दिवसाच्या रागातून आलेली नाही हे दिसते. शिवाय भाषेच्या दृष्टीने येथे मध्यम स्तराला शोभेल अशी रचना आपोआप वापरता येते : ‘तेव्हा सॅक दोन दिवसांत मिळेल असे मला सांगण्यात आले’. या वाक्यात दुसऱ्याचे बोलणे अप्रत्यक्षपणे आले आहे आणि ‘सांगण्यात आले’ या रचनेमुळे फोनवर बोललेल्या व्यक्तीला दोष न देता वस्तुस्थिती नोंदवली गेली आहे. मात्र ही रचना संपूर्ण ईमेलमध्ये एकदा, फार तर दोनदा वापरावी. ‘सॅक मागवण्यात आली, रक्कम भरण्यात आली, संपर्क साधण्यात आला’ असे लिहीत गेले, की हे सारे कोणी केले हेच कळेनासे होते. स्वतः केलेल्या कृतीला ‘मी’ लावावा.

परिणामाच्या मुद्द्यावर परीक्षार्थी दोन टोकांना जातात. काही जण ‘मला त्रास झाला’ या तीन शब्दांत तो संपवतात, तर काही जण प्रवास कुठे आहे, सोबत कोण आहे, तिथे काय पाहायचे आहे, अशी पाच-सहा वाक्ये लिहून शब्दमर्यादा खर्चून टाकतात. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाकौशल्यांच्या चौकटीत मध्यम स्तराच्या बी१ आणि बी२ अशा दोन पायऱ्या आहेत. तिच्या आत्ममूल्यमापनाच्या तक्त्यात बी१ला अनुभवांचे वर्णन करणारी वैयक्तिक पत्रे अपेक्षित आहेत, तर बी२ला घटनांचे आणि अनुभवांचे स्वतःच्या दृष्टीने असलेले महत्त्व ठळकपणे मांडणारी पत्रे. आपल्या ईमेलमधील हा परिच्छेद म्हणजे नेमके तेच महत्त्व. ते दाखवायला दोन वाक्ये पुरतात, पण ती दोन्ही विलंबाशी बांधलेली हवीत : वस्तू कोणत्या दिवशी कशासाठी लागणार आहे, आणि ती न आल्यास कोणता खर्च किंवा कोणती अडचण ओढवेल.

आता मागणी. ‘लवकरात लवकर पाठवा’ या शब्दांना मुदत नसते. कंपनीने महिन्याने पाठवले तरी ते तिच्या परीने लवकरच असू शकते. म्हणून तारीख द्यावी, आणि ती न्याय्य असावी. १७ मार्चला लिहिलेल्या ईमेलमध्ये ‘आजच संध्याकाळपर्यंत पाठवा’ असे म्हणणे अवास्तव ठरते. तारखेनंतर पर्याय द्यावा : ते शक्य नसल्यास ऑर्डर रद्द करून रक्कम परत करावी. आपल्या मसुद्यात पर्यायाच्या जागी धमकी आहे, ‘नाहीतर मी तक्रार करीन’. पण आपण लिहीत आहात ती तक्रारच आहे. त्यामुळे त्या वाक्यातून वाचणाऱ्याला नवे काहीच कळत नाही. न्यायालयात जाण्याचा इशारा देणारी उत्तरेही असतात. एका आठवड्याच्या उशिरावर लिहिलेल्या पहिल्याच ईमेलमध्ये तो प्रमाणाबाहेर वाटतो. शेवटी उत्तर कधीपर्यंत हवे, हेही सांगावे. उत्तराची मुदत वस्तूच्या मुदतीपेक्षा आधीची असायला हवी, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २१ तारखेपर्यंत वस्तू आणि २५ तारखेपर्यंत उत्तर, असे लिहिले की दोन्ही मुदती निरर्थक होतात.

विनंतीचे क्रियापद मराठीत विशेष सांभाळावे लागते. ‘पाठवा’, ‘द्या’, ‘करा’ ही आज्ञार्थी रूपे अशा ईमेलमध्ये हुकमासारखी वाटतात. उलट ‘पाठवण्याची कृपा करावी, मी आपला अत्यंत ऋणी राहीन’ असे लिहिले, तर ज्याचे पैसे अडकले आहेत तोच उपकार मागत असल्यासारखे दिसते. ‘पाठवावी’, ‘कळवावे’, ‘परत करावी’ ही विध्यर्थी रूपे या दोहोंच्या मधली आहेत आणि तीच योग्य. मात्र ती कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात आणि तिथे पाय घसरतो : सॅक पाठवावी, परतावा द्यावा, उत्तर द्यावे, रक्कम परत करावी, पैसे परत करावेत. लिहिताना क्रियापदावर येताच मागे वळून कर्म कोणते आहे ते पाहावे.

कंपनीला ‘आपण’ म्हणावे आणि एकदा ‘आपण’ म्हटले की शेवटपर्यंत ‘आपण’च ठेवावे. ‘तुम्ही’ असभ्य नाही, पण पहिल्या ओळीत ‘आपल्या संकेतस्थळावरून’ आणि तिसऱ्या ओळीत ‘तुमच्या माणसाने’ असे आले, की लेखकाचा स्तर डगमगतो. ‘आपण’चा एक धोका मात्र खरा आहे. मराठीत ‘आपला’ हा शब्द स्वतःसाठीही येतो. त्यामुळे ‘मी आपल्या खात्यातून रक्कम भरली’ या वाक्यात खाते ग्राहकाचे की कंपनीचे, हे कळत नाही. स्वतःच्या गोष्टीला सरळ ‘माझा, माझी, माझे’ लिहावे आणि ‘आपला’ फक्त कंपनीसाठी राखून ठेवावा.

बोलण्यातील रूपे ही दुसरी जागा. ‘सांगितलं’, ‘असं’, ‘झालं’ ही रूपे बोलताना शुद्धच आहेत, पण औपचारिक लेखनात ‘सांगितले’, ‘असे’, ‘झाले’ लिहावे. परीक्षक एखादे अनुस्वाराचे रूप क्षम्य मानू शकतो. दोन्ही रूपे आलटून पालटून दिसली, तर औपचारिक आणि अनौपचारिक यांतील फरक परीक्षार्थीला माहीत नाही असाच निष्कर्ष निघतो. हाच प्रकार समारोपात होतो. घरच्या पत्रांतील ‘कळावे, लोभ असावा’ ही ओळ सवयीने तक्रारीखाली येऊन बसते. ज्या कंपनीकडून पैसे परत मागितले, तिच्याकडे त्याच दमात लोभ मागणे विसंगत आहे. ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’ एवढेच पुरे. यांपैकी एकच निवडून लिहावे, आणि संबोधनातही तसेच. नमुन्यात दोन्ही दिली आहेत ती केवळ निवडीसाठी.

शब्दसंख्येबद्दल एक गोष्ट मराठीपुरती खास आहे. आपली शब्दयोगी अव्यये आणि विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून येतात, म्हणून ‘संकेतस्थळावरून’ किंवा ‘मार्चपर्यंत’ हा एकच शब्द मोजला जातो. त्यामुळे १२० शब्दांत वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक मजकूर मावतो, आणि ज्यांच्या मनात दुसऱ्या भाषेचा हिशेब असतो ते मध्येच संपलेला मजकूर वाढवण्यासाठी नाराजीची वाक्ये भरू लागतात. संख्या वाढवण्यासाठी ‘संकेतस्थळा वरून’ असे तोडून लिहिणे ही तर शुद्धलेखनाचीच चूक आहे. नमुन्यातील चार परिच्छेदांत अनुक्रमे ४०, २९, २१ आणि ४० शब्द आहेत. शब्द कमी पडत असतील, तर ते दुसऱ्या परिच्छेदात वाढवावेत, म्हणजे पाठपुराव्याची आणखी एक नोंद द्यावी. जास्त होत असतील, तर सोबत जोडलेल्या कागदांचे वाक्य काढावे. मागणीचा परिच्छेद कापू नये.

लिहून झाल्यावर तीन-चार मिनिटे हाती असतील, तर सगळा मजकूर पुन्हा वाचण्याऐवजी आधी फक्त तारखांवरून बोट फिरवावे : ३, १०, १७, ११, १२, २४, २१, १९. त्यांतील प्रत्येक तारीख कच्च्या जागेतल्या ओळीशी जुळते का ते पाहावे. मग फक्त विध्यर्थी क्रियापदे आणि त्यांची कर्मे पाहावीत. त्यानंतर ‘तुम्ही’ आणि ‘तुमचा’ कुठे शिरला आहे का, ते शोधावे. शेवटी ‘खूप’ हा शब्द उरला असेल, तर तो ज्या माहितीच्या जागी आला आहे ती माहिती तिथे लिहून तो खोडावा.